उभयतांची चिठ्ठी

आपल्याकडच्या विवाहसंस्थेत वधूवरांखेरीज सर्वांना बोलण्याची मुभा असते, हे माझे जुने निरीक्षण आहे. पत्रिकेत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ म्हणणारे आम्ही हे आईबाप असतात. आमंत्रणाच्या तळाशी ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ असे बजावणारी मंडळी अद्याप बालवाडीत असतात. मंगलाष्टके म्हणण्याचा हक्क, स्वराशी ज्यांचा संबंध फार पूर्वी तुटला आहे अशा माम्यांकडे वहिवाटीने चालत आलेला असतो. ‘नातिचरामि’ हे अभिवचनसुद्धा वर भटजींच्या मागून, पोपटाने म्हणावे तसे म्हणतो. आणि वधूच्या तोंडी जो उखाणा येतो तोही आत्येने आदल्या रात्री घोटून घेतलेला असतो. अशा या सार्वत्रिक मौनाच्या पार्श्वभूमीवर, अलीकडे पाहुण्यांना निरोप देताना हाती ठेवायच्या रिटर्न गिफ्टमध्ये वधूवरांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेली आभाराची चिठ्ठी घालण्याचा जो प्रघात पडला आहे, तो मला क्रांतिकारक वाटतो. म्हणूनच माझ्या पुतणीने, ‘काका, चिठ्ठी आमच्या आवाजात हवी, तेवढी तुम्ही लिहून द्या,’ असे सांगितले तेव्हा त्या वाक्यातील विसंगतीकडे मी काणाडोळा केला. महसूल खात्यात उभी हयात दुसऱ्यांच्या सहीचे मसुदे लिहिण्यात गेलेल्या मनुष्याला यात वावगे वाटण्याचे कारणही नव्हते.

भेटवस्तू ठरली होती ती स्टीलची लहान डबी आणि तिच्यात आमच्या मातोश्रींनी, म्हणजे वधूच्या आजींनी, घरी केलेले मेतकूट. डाळी, तांदूळ, गहू, मेथी, मोहरी वेगवेगळ्या भाजून, सुंठ, हिंग, हळद घालून दळलेल्या त्या पिवळ्या पिठाची प्रतिष्ठा पुण्यात निर्विवाद असली, तरी वराकडील काही मंडळी ते अंगाला लावण्याचे उटणे समजतील आणि काही भाविक त्याला खंडोबाचा भंडारा समजून कपाळी लावतील, ही भीती निराधार नव्हती. तेव्हा आभारांबरोबर डबीत काय आहे याचा खुलासा करणे, हे चिठ्ठीचे पहिले शासकीय कर्तव्य ठरले.

पहिली पंचाईत निघाली ती काळाची. चिठ्ठी लग्नाच्या पंधरा दिवस आधी छापायला द्यावी लागते आणि तिच्यात तर लिहायचे असते की आपण आलात, आशीर्वाद दिलेत, समारंभाला शोभा आणलीत. जी घटना अद्याप घडलेली नाही तिचा भूतकाळी दाखला आगाऊ देणे, हे आमच्या खात्यात घडले असते तर चौकशी लागली असती! बहुतेक चिठ्ठ्या या अडचणीतून ‘आपली उपस्थिती हीच आमची अमूल्य भेट’ अशी क्रियापदहीन पळवाट काढतात. परंतु पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापल्यानंतर भेटीचा उल्लेख, मग तो कितीही अलंकारिक असो, न आणणाऱ्याला टोमणा आणि आणणाऱ्याला पोचपावती वाटतो. शेवटी तोड काढली ती पुतणीनेच. ‘ही चिठ्ठी तुमच्या हातात आहे, म्हणजे तुम्ही आला होतात,’ असे पहिले वाक्य तिने लिहिले. ते वाचले जाईल त्याच क्षणी खरे होणार होते. माझ्या ‘मंगल प्रसंगी’ने सुरू होणाऱ्या चार ओळी मी मुकाट्याने खोडल्या.

दुसरी पंचाईत सहीची. पत्रिकेत चि. आणि चि. सौ. कां. शोभतात, कारण ते वडीलधारे लिहितात. स्वतःच स्वतःला चिरंजीव म्हणणे म्हणजे स्वतःच्या पाया पडून स्वतःलाच आशीर्वाद देण्यासारखे आहे. आडनाव लिहावे तर कोणते, या प्रश्नावर दोन्ही घरांत तहाची बोलणी सुरू होण्याची चिन्हे दिसताच नुसती दोन नावे ठेवण्याचा सुज्ञ निर्णय झाला. ‘आपण’ की ‘तुम्ही’, यावर मात्र वराने, ‘मावशीला आपण म्हटलं तर ती रुसली असं समजेल,’ हा मुद्दा मांडला आणि तो मंजूर झाला.

छपाईचे गणित त्या मानाने सरळ. निमंत्रित साडेचारशे, पण डबी माणशी नव्हे तर घरटी, म्हणून घरे सुमारे दोनशे दहा. बारा बाय अठरा इंचांच्या कागदावर व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या पंचवीस चिठ्ठ्या बसतात, सबब दहा कागद, आणि वरच्या चाळीस चिठ्ठ्या डाग, गहाळ व आगंतुक या शीर्षांखाली राखीव. अडले ते अक्षरांत. मोबाईलवरून पाठवलेला मजकूर छापखान्याच्या जुन्या संगणकात उतरताच वेलांट्या पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसल्या, जोडाक्षरे विलग झाली, आणि ‘लग्न’ या शब्दातील ग पाय मोडून न पासून वेगळा उभा राहिला. मुहूर्तापूर्वीच लग्नाचा पाय मोडल्याचे पाहून आमच्या वहिनींनी देव पाण्यात ठेवायचे काय ते बाकी ठेवले. यावर उपाय इतकाच, की मजकूर पीडीएफ करून, म्हणजे अक्षरांची जणू तसबीर काढून द्यावी, आणि पडद्यावर न पाहता कागदावरचा नमुना हाती घेऊन जोडाक्षर न् जोडाक्षर वाचावे. कारण छापखान्यातील मुलगा वाचत नाही, तो जुळवतो.

मजकूर आता पाच वाक्यांचा झाला होता. तुम्ही आला होतात. सनईच्या गोंगाटात आणि फोटोवाल्याच्या हुकमतीत तुमच्याशी दोन शब्द बोलता आले नाहीत. स्टेजखालच्या रांगेत तुम्ही तिष्ठत उभे होतात ते आम्हांला वरून दिसत होते. डबीत आजीच्या हातचे मेतकूट आहे, मऊ भातावर तूप घालून खा. आणि सवडीने घरी या. यातील तिसरे वाक्य मला विशेष आवडले. आभार मानायचे तर समोरच्याने नेमके काय सोसले ते ठाऊक असल्याचे दाखवावे, आणि लग्नात पाहुणा जे सोसतो ते त्या रांगेतच.

मसुदा कायम होऊन स्वाक्षरीला जाणार, एवढ्यात मातोश्रींनी तो वाचून घेतला आणि शेरा मारला, ‘ओला चमचा घालू नये, हे कुठे आहे?’ त्या वाक्याने चिठ्ठीतील तारुण्यसुलभ स्वर बिघडतो, हे त्यांना परोपरीने समजावण्यात आले. मेतकुटाला पाणी लागले तर ते आठ दिवसांत बुरसते आणि मग लोक नाव वधूवरांना नव्हे, आजीला ठेवतात, असा त्यांचा बिनतोड जबाब होता. वाक्य शेवटी, सह्यांच्या लगेच वर दाखल झाले.

उरलेल्या चिठ्ठ्यांपैकी काही, जे येऊ शकले नाहीत त्यांच्या डब्यांसाठी, मुद्दाम कोऱ्या ठेवून दोघांनी हातांनी लिहिल्या. ‘तुम्ही आला होतात’ असे नागपूरला अंथरुणाला खिळलेल्या आत्याबाईंना छापील कळवणे बरे दिसले नसते. बाकीच्या वाटल्या गेल्या आणि लोकांनी त्या, मला वाटले होते त्याहून अधिक गांभीर्याने वाचल्या. वराच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी त्याला बाजूला घेऊन, संसाराचे इतके सूत्रबद्ध सार आपण पूर्वी कुठे वाचले नव्हते, असे सद्गदित होऊन सांगितले. कोणते वाक्य, असे त्याने विनयाने विचारताच ते म्हणाले, ‘अहो, तेच ते ओल्या चमच्याचं.’ डबी त्यांनी अजून उघडलेली नव्हती.