आम्ही तसले नाही, काका

पुण्यात वारजे, कर्वेनगर किंवा वाकडला चार नोकरदार पोरं फ्लॅट मागायला आली, की बोलणी बहुतेक एकाच वाक्यानं सुरू होतात : ‘‘आम्ही तसले नाही, काका.’’ तसले म्हणजे कसले, हे काका विचारत नाहीत आणि पोरंही सांगत नाहीत. दोन्ही पक्षांच्या डोळ्यांपुढे मात्र एकच चित्र असतं.

आमच्या शेजारचा दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्यानं जातो, आणि मालक अशा वेळी मला ‘जरा बसायला या’ म्हणतात. त्यामुळे या बैठकांची मला चांगली ओळख आहे. चौघांमध्ये एक माळकरी असला तर तो सर्वांत पुढे बसतो. गळ्यातली माळ शर्टाच्या बाहेर असते. जो रात्रपाळीचा, तो दाराजवळ, कमीत कमी बोलणारा. ‘‘घरी आम्ही फक्त झोपायला येतो,’’ असं एक जण सांगतो, आणि लगेच दुसरा विचारतो, ‘‘वायफाय कुठल्या खोलीत चांगलं येतं?’’ काका ते ऐकतात आणि माझ्याकडे बघतात.

मग आश्वासनं येतात. दारू नाही, सिगारेट नाही, पार्टी नाही, मैत्रिणी नाहीत. स्वयंपाकाला मावशी लावू. ‘‘चारच जण राहू, काका.’’ हे शेवटचं खरंही असतं. पाचवा पुढच्या महिन्यात स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी गावाहून येतो, कुणाचा तरी मावसभाऊ असतो, आणि ‘आठ दिवसांसाठीच’ आलेला असतो.

गंमत अशी, की भांडणं या आश्वासनांवरून फारशी होतच नाहीत. ती होतात जिन्यातल्या नऊ जोड चपलांवरून, ओला आणि सुका एकाच पिशवीत टाकलेल्या कचऱ्यावरून, पाणी आलं नाही म्हणून उघडाच राहिलेल्या आणि नंतर पाणी आल्यावर भरभरून वाहिलेल्या नळावरून. किल्ली एकच असल्यानं रात्री दीडला वाजलेल्या बेलवरून. या गोष्टींबद्दल बैठकीत शब्द निघत नाही. चारित्र्याची हमी द्यायला पोरं तयार असतात, चपलांची नाही.

आणि सर्वांत मोठा घोळ होतो पैशांचा. समजा भाडं 28,000 आणि डिपॉझिट एक लाख. म्हणजे माणशी सात हजार भाडं आणि पंचवीस हजार डिपॉझिट. पाचव्या महिन्यात एकाला हैदराबादला नोकरी लागते. तो आपले पंचवीस हजार मागतो. ते काकांकडे असतात आणि काका ते मधेच देत नाहीत, म्हणून नवा भिडू शोधून त्याच्याकडून घेऊन जुन्याला दिले जातात. तो मिळेपर्यंत उरलेल्या तिघांना माणशी नऊ हजार तीनशेच्या वर पडतात. पहिल्या महिन्यात ते देतात, दुसऱ्या महिन्यात काकांना फोन करून ‘थोडं समजून घ्या’ म्हणतात. नवा भिडू येतो तेव्हा त्याचं नाव ना करारात असतं, ना पोलिसांकडे दिलेल्या माहितीत. काकांना तो लिफ्टमध्ये भेटतो.

आता काकांचं. अर्धा तास पोरांची उलटतपासणी घेऊन झाली, की ते खालच्या आवाजात म्हणतात, ‘‘रजिस्टर वगैरे कशाला, नोटरी करून टाकू.’’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधल्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, अकरा महिन्यांचा असला तरीही, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. शिवाय उद्या वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. म्हणजे ज्या पोरांच्या शब्दावर काकांचा काडीचा विश्वास नाही, त्यांचाच शब्द प्रमाण! आणि हे सगळं कशासाठी, तर वरच्या हिशेबात साधारण आठशे रुपये मुद्रांक शुल्क, हजार रुपये नोंदणी फी आणि एजंटचा खर्च वाचवायला.

म्हणून माझं पोरांना सांगणं आहे : माळ शर्टाच्या आत असू द्या. काकांना एवढंच सांगा, की करारात चौघांचीही नावं घाला. एक जण गेला तरी भाडं पूर्ण येईल. नवा माणूस तुम्ही बघितल्याशिवाय आणि त्याचं नाव कागदावर चढल्याशिवाय राहायला येणार नाही. आणि आम्ही आणखी तीन किल्ल्या करून घेऊ. काकांनीही रंगाचे किती कापणार आणि उरलेलं डिपॉझिट किती दिवसांत देणार, ते तिथेच लिहून द्यावं. एवढं झालं, की कोण कसला आहे हे कुणाला विचारावं लागत नाही.