वीज गेल्यानंतरचे वीस सेकंद

सिनेमाच्या सेटवर एक गमतीशीर रिवाज आहे. दृश्य चित्रित झालं की ध्वनिमुद्रक हात वर करतो आणि अर्धा-एक मिनिट सगळ्यांना आहे तिथे गप्प उभं करतो. लाइटवाले, मेकअपवाले, हातात कटिंग घेतलेला पोऱ्या, सगळे पुतळे. तेवढ्या वेळात त्या खोलीचा स्वतःचा आवाज टिपला जातो. त्याला रूम टोन म्हणतात. संवादांची काटछाट करताना ज्या फटी पडतात, त्या पुढे याच आवाजाने बुजवतात.

ॲनिमेशनवाल्यांच्या नशिबी हे मिनिट नाही, कारण त्यांच्याकडे खोलीच नाही. चित्रातल्या खोलीत हवा नसते, भिंतीपलीकडे शेजारी नसतात आणि शेजारी नाहीत म्हणजे त्यांचा टीव्हीही नाही. संवाद संपला की उरतं ते शून्य. त्यात चित्रही थांबलेलं असलं तर पंचाईत होते. खरा नट गप्प बसला तरी त्याचा श्वास चालू असतो, सदरा हलतो. ॲनिमेशनमध्ये पात्र स्थिर म्हणजे सेकंदाला 24 वेळा तेच चित्र. त्यावर आवाजही शून्य असला की प्रेक्षकाला शांतता जाणवत नाही, नेट गेलं असं वाटतं. पडद्यावर काळ पुढे सरकतोय याचा पुरावा अशा वेळी फक्त आवाजच देऊ शकतो.

अलीकडे माझ्याकडे एका ॲनिमेशन लघुपटाच्या आवाजाचं काम आलं. तालुक्याच्या गावातलं जुनं घर, मे महिन्याची दुपार, खाटेवर एक आजी. वीज जाते आणि पुढचे 20 सेकंद काहीही घडत नाही. दिग्दर्शक पोरसवदा. तो म्हणाला, "दादा, इथे काही नको. एकदम शांत." मी बरं म्हणालो आणि चार दिवसांची तारीख दिली. काहीच नसलेल्या जागेला चार दिवस कशाला, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं, पण मुलगा संस्कारी होता.

खरं तर वीज जाण्यासारखी सोय दुसरी नाही. शांतता ऐकू यायची तर आधी काहीतरी थांबावं लागतं. म्हणून मी आधीच्या दृश्यात पंखा आणि फ्रिज कुणाच्या लक्षात येणार नाहीत इतक्या बेताने, पण सतत चालू ठेवले. वीज गेली की फ्रिज एकदा अंग झटकून गप्प होतो. पंखा मात्र लगेच थांबत नाही. पात्यांची फरफर हळूहळू सुटी होत जाते, मग शेवटच्या फेऱ्यांना नुसती एक कुरकुर. ही उतरण मी जवळजवळ सात सेकंद चालवली. त्या सात सेकंदांत ऐकणाऱ्याचा कान आपोआप ताणला जातो आणि पुढची शांतता ठरवून ठेवलेली आहे, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

फ्रिजच्या घरघरीत एक खाचखळगा आहे. विकतच्या ध्वनिसंग्रहातली घरघर बऱ्याचदा अमेरिकी असते. तिथली वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची, आणि यंत्रांची गुणगुण सहसा त्याच्या दुपटीवर, म्हणजे तिथे 120 आणि इथे 100. गाणं शिकलेल्यांना सांगायचं तर आपला फ्रिज सा लावत असेल तर त्यांचा कोमल गंधार लावतो. तालुक्याच्या गावात कोमल गंधाराचा फ्रिज कुणी पकडणार नाही, हे मान्य. तरी मी आमच्याच स्वयंपाकघरातला सा मुद्रित करून घेतला.

आता मधले 20 सेकंद. तळाला हवा हवी. एका जुन्या घरात दुपारी जाऊन मी ती टिपली. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याकडे सलग एक मिनिट मिळवणं म्हणजे तपश्चर्या. कुकर होतो, भंगारवाला येतो आणि या दोघांनी दया केली तर स्वतःचंच पोट बोलतं. मिळालेला चांगला तुकडा छोटा असला की त्याची पुनरावृत्ती करायचा मोह होतो. तो तुकडा दहा सेकंदांचा असेल आणि त्यात एक कावळा असेल, तर तो कावळा दर दहा सेकंदांनी हजेरी लावतो आणि तिसऱ्यांदा ओरडला की प्रेक्षक आजीला सोडून कावळा मोजू लागतो. म्हणून तळाच्या आवाजात ओळखू येणारं काहीही ठेवायचं नाही. लांब दृश्यासाठी मी दोन थर वापरतो, एक 31 सेकंदांचा आणि एक 43 चा. ते दोन्ही पुन्हा एकाच जागी यायला बावीस मिनिटं लागतात, तोवर लघुपट संपून चहा झालेला असतो.

पक्षी वेगळे, हाताने ठेवायचे. इथे मी तांबट घेतला. उन्हाळ्यातली त्याची टुक्टुक् लांबून आली की दुपार आपसूक उभी राहते. लांबून हा शब्द महत्त्वाचा. लांबचं ऐकू येतंय याचा अर्थच जवळ काही वाजत नाहीये. मोटरसायकल दोन गल्ल्या पलीकडून गेलेली कळली, तर खोली किती शांत आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या मते या कामातली अर्धी अक्कल एवढीच आहे.

भिंतीवर घड्याळ होतं, म्हणजे टिकटिक आलीच. ती सेकंदाला एक अशी आपली चालू द्यावी, पण नेमकी आजीच्या पापणी मिटण्यावर पडता कामा नये. तसं झालं की आजी चावी दिलेल्या बाहुलीसारखी दिसते आणि लोक हसतात. मी सगळी टिकटिक पाच-सहा चित्रं मागे सरकवली आणि आजी पुन्हा माणसात आली.

हे सगळं संवादांपेक्षा साधारण 30 डेसिबल खाली ठेवलं. बरोबर झालंय का हे पाहायची एक युक्ती आहे. कुणाला तरी दृश्य दाखवायचं आणि मध्येच हा थर बंद करायचा. थर चालू असताना त्याने विचारलं, "हा कसला आवाज?" तर जास्त झालाय. बंद केल्यावर त्याने दचकून स्पीकरकडे पाहिलं तर जमलं. मोबाइलवरही ऐकावं लागतं, कारण त्याच्या चिमुकल्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत. नुसत्या घुमाऱ्यावर रचलेली शांतता तिथे पुन्हा शून्य होते. तांबट आणि घड्याळ तेवढे तगून राहतात.

दिग्दर्शकाने ऐकलं, मान डोलावली आणि शेवटी ते वाक्य आलंच, "दादा, हलकीशी बासरी टाकायची का?" त्याचा राग येत नाही. जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या 1986 च्या 'कॅसल इन द स्काय'ला डिस्नेने इंग्रजीत आणलं, तेव्हा संगीतकार जो हिसाइशींकडून मूळ चित्रपटात नसलेलं कितीतरी जास्तीचं संगीत करून घेतलं होतं. ज्या जागा जपानी प्रेक्षकांनी तशाच पाहिल्या होत्या, त्या अमेरिकेत भरल्या गेल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला धीर धरवला नाही, हा तर पहिलाच लघुपट करतोय. मी त्याला बासरी घालूनही ऐकवली. बासरी सुरू होताच आजी दुःखी झाली. त्याआधी ती नुसती बसली होती. त्याने स्वतःच बासरी काढायला सांगितली.

राहिली वीज परत येण्याची जागा. फ्रिज दचकून सुरू होतो आणि बाहेर पोरं ओरडतात, "आली!" या एका शब्दासाठी आमच्या सोसायटीतली चार पोरं गोळा केली. जवळून ओरडलेला आवाज कमी केला तर तो लांबचा होत नाही, कपाटात कोंडलेल्या पोराचा होतो. अंतर खरंच लागतं. म्हणून त्यांना पलीकडच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीपाशी पाठवलं आणि मी खिडकीत माइक धरून बसलो. पहिल्याच फटक्यात इतकं झकास ओरडले की मधल्या मजल्यावरच्या काकूंनी जाऊन पंख्याचं बटण चालू-बंद करून पाहिलं. काम झालं होतं, पण पोरं टाकीपासून हलेनात. खालून विचारत होती, "काका, अजून एकदा घालवा ना!"