चार हजारांचं डोकं

तात्या माझ्या मानेभोवती कापड गुंडाळत होते. शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ डोळे मिटून दाढीला फेस लावून घेत होते. त्यांच्याकडे भुवईने खूण करून तात्या माझ्या कानाशी पुटपुटले, "हे सहा हजार सातशे."

"एवढी उधारी?"

"उधारी कसली साहेब! किंमत आहे ती त्यांची."

मग ओघानेच मी माझी विचारली. तात्यांनी माझ्या डोक्यावर कंगवा फिरवला, टाळूपाशी जरा थबकले आणि म्हणाले, "तुम्ही होता चार हजार. पण दिवाळीपासून इथे उजेड पडायला लागलाय. आता तीन धरलेत."

पूर्वी न्हावी केस बघत आणि बातम्या सांगत. कर्वेनगरातले आमचे तात्या केस बघतात आणि आकडे सांगतात. दुकान चार खुर्च्यांचं, सोमवारी बंद. गल्ल्यात तुरटीच्या खड्याशेजारी एक लांबोडकी वही असते. तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, बिल आणि कापणाऱ्या कारागिराचं आद्याक्षर. तीन महिने माणूस फिरकला नाही, की नावापुढे लाल टिंब. गावाला गेलाय, आजारी आहे, असल्या सबबी वहीला मान्य नाहीत. त्यातही श्रावण पाळणारा वेगळा, मंगळवार-शनिवार-अमावास्या पाळणारा वेगळा. "सोमवारी मी बंद, मंगळवारी हे बंद," तात्या म्हणतात, "असा माणूस वर्षाला तेरा वेळा कुठून येणार? दहा धरा."

माणसाची किंमत काढणं सुरू झालं ते मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकामुळे. गिऱ्हाईक आयुष्यभरात आपल्याला किती देऊन जातं, हे कळलं तर नवीन गिऱ्हाईक आणायला किती घालवायचे ते ठरतं, एवढं तात्यांनी त्यातून उचललं. लगेच कॅलेंडरच्या पाठीवर मांडलं. बिल सरासरी अडीचशे, वर्षाला दहा खेपा, म्हणजे अडीच हजार. वहीत शंभर नेहमीच्या नावांपैकी वर्षभरात पंचवीस लाल झाली होती. दरवर्षी चौथा हिस्सा गळतो, म्हणजे माणसाचा सरासरी मुक्काम चार वर्षं. चार गुणिले अडीच हजार, दहा हजार! तात्या त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला वाकून नमस्कार करत होते. एका पोस्टमनला तर त्यांनी बळेच पाणी दिलं.

दहा हजारांचा माणूस आणायचा तर हजारभर खर्च म्हणजे किस झाड की पत्ती. तात्यांनी पत्रकं छापली, पेपरात घालून वाटली, चौकात फ्लेक्स लावला. सगळे मिळून बारा हजार गेले. एकशेऐंशीची कटिंग नव्याण्णवला. साठ नवी डोकी आली. "माणशी दोनशे पडले फक्त," असं तात्या महिनाभर सांगत होते. मग त्यांनी वही उघडली.

साठातले दुसऱ्यांदा आले बारा. उरलेले अठ्ठेचाळीस नव्याण्णववालेच होते. ते तात्यांकडे आले नव्हते, नव्याण्णवकडे आले होते, आणि एव्हाना पुढच्या चौकातल्या नव्याण्णवकडे गेले होते. त्यात कारागिराने निम्मा वाटा मागितला तो एकशेऐंशीवर. "सवलत तुमची, कात्री माझी," असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. नव्वद त्याचे, वीस ब्लेड-क्रीम-टॉवेलचे. नव्याण्णव घेऊन एकशेदहा गेले. डोक्यामागे अकरा रुपये पदरचे, साठ डोक्यांचे सहाशे साठ. एकूण झाले बारा हजार सहाशे साठ, आणि हाती लागलेलं खरं गिऱ्हाईक पडलं एक हजार पंचावन्नला.

त्या रात्री तात्यांना दहा हजारांतलंही भोक दिसलं. अडीचशेच्या बिलातले सव्वाशे कारागिराचे, पंचवीस सामानाचे. दुकानाला उरतात शंभर. स्वतः कापलं तरी तात्या निम्मे बाजूला काढतात. ते कारागीर तात्यांचे, मालक तात्यांचे नव्हेत. (या दोघांचं आपसात फारसं पटत नाही.) म्हणजे वर्षाचे हजार आणि चार वर्षांचे चार हजार. आम्ही सगळे एका रात्रीत दहावरून चारवर आलो. पोस्टमनला पुन्हा पाणी मिळालं नाही.

"तरी चार हजारांचा माणूस हजारात मिळाला की," मी म्हटलं.

तात्यांनी कात्री थांबवली. ती ते सहसा थांबवत नाहीत. "साहेब, शंभर-शंभर करून हजार पंचावन्न फिटायला अकरा खेपा लागतात. म्हणजे वर्षाच्या वर. भाडं मला दर महिन्याला द्यायचंय. आणि चार वर्षांचा मुक्काम जुन्यांचा. नवीन माणूस पाव्हणा असतो. त्या बारांतले पाच जण वर्षाच्या आत लाल झाले."

तेव्हापासून त्यांचा नियम एकच: पाच खेपांत वसूल होईल तेवढंच नव्या माणसावर घालवायचं, पाचशेच्या वर पैसा नाही. फ्लेक्स उतरवून माळ्यावरच्या गळतीवर अंथरला. आता जुन्याने नवा आणला, की दोघांना चंपी फुकट. पाटीवर तिचा भाव शंभर, पण तात्यांना पडते साठला, पन्नास कारागिराचे आणि दहा तेलाचे. दोघांचे एकशेवीस. असे दहा आले, त्यातले सहा टिकले. माणशी दोनशेला पडले, दोन खेपांत फिटले. फक्त ही चंपी बुधवारी-गुरुवारी दुपारीच. रविवारी सकाळी चारही खुर्च्या भरलेल्या असतात. तेव्हा फुकट्याला बसवलं, तर बाकावर पेपर वाचून कंटाळलेला सहा हजार सातशे उठून जायचा.

एक घाव मात्र त्यांच्या हिशेबात कुठेच बसला नाही. उजव्या खुर्चीवरच्या कारागिराने समोरच्याच गल्लीत स्वतःचं दुकान थाटलं, आणि तीन महिन्यांत त्याच्या आद्याक्षराची एकतीस नावं लाल झाली. तात्या वही घेऊन बसून राहिले. "एकतीस डोकी दुकानाची समजत होतो," ते म्हणाले, "ती त्याची होती." मग त्यांनी फतवा काढला: नव्या गिऱ्हाइकाची दुसरी खेप दुसऱ्याच कारागिराकडे, म्हणजे सवय माणसाची नको, दुकानाची लागेल. कल्पना चांगली होती. पण एका आजोबांनी दुसऱ्याच खेपेला दुसऱ्याच्या हातचा वस्तरा गळ्याशी लावून घ्यायला साफ नकार दिला आणि अर्धी दाढी तशीच घेऊन पहिल्याची खुर्ची रिकामी होईपर्यंत बाकावर बसले. येणारा प्रत्येक जण त्यांना बघून दारातच अडखळत होता.

मागच्या महिन्यात आम्ही वाकडला घर घेतलं. शेवटचे केस कापून झाल्यावर मी तात्यांना सांगितलं. वाटलं, जरा गहिवरतील. त्यांनी वही काढली, बोटाने माझ्या नावापर्यंत गेले आणि म्हणाले, "चार वर्षं दोन महिने. सरासरीपेक्षा दोन महिने जास्तच दिलेत साहेब." मग लाल पेन उचललं.

"तात्या, तीन महिने तरी थांबा!"

"वाकडहून कोण येतंय?" टिंब पडलं. मी आपला चंपीच्या बाटलीकडे बघत होतो. तात्यांनी ती उचलून फळीवर मागे सरकवली. जाणाऱ्यावर साठ रुपये कोण घालवणार?

मी दारात चपला घालत होतो, तेवढ्यात मागून हाक आली.

"साहेब, फ्लॅट विकताय का भाड्याने देताय?"

"भाड्याने. दोन पोरं येतायत, कंपनीत आहेत."

"केस कसेत?"

"दाट. एकाची तर दाढीसुद्धा."

तात्यांनी फळीवरून बाटली खाली घेतली आणि खुर्चीवरचे केस फडक्याने झटकले. "बसा परत," ते म्हणाले. "घाई काय आहे?"