दोन पैशांचे पहारेकरी

मा. बिलतपासनीस साहेब,
लेखा विभाग. (कंपनीचं नाव लिहीत नाही, उधारी अजून यायची आहे.)



आमच्या दुकानाचं ५३४ रुपयांचं बिल 'टॅक्स मिसमॅच' असा लाल शेरा मारून आपण परत पाठवलंत. फरक दोन पैशांचा. एक पैसा केंद्राच्या करात, एक राज्याच्या करात. दोन्ही सरकारांना सारखंच वाचवलंत, याबद्दल आपलं अभिनंदन.

बिलात तीनच ओळी होत्या. नटबोल्ट १५ नग, दर ६.७०, म्हणजे १००.५०. बिजागऱ्या ७ नग, दर १४.५०, म्हणजे १०१.५०. कुलपं ३, दर ८३.५०, म्हणजे २५०.५०. सगळ्यावर १८ टक्के, म्हणून सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९. पहिल्या ओळीवर ९ टक्के ९.०४५ येतात. अर्धा पैसा कागदावर लिहिता येत नाही, म्हणून ९.०५. तसेच पुढे ९.१४ आणि २२.५५. बेरीज ४०.७४.

आपण मात्र आधी तिन्ही ओळींची करयोग्य किंमत एकत्र केलीत, ४५२.५०, आणि तिच्यावर ९ टक्के काढलेत: ४०.७२५, म्हणजे ४०.७३. माझ्याकडे तीन ओळींवर अर्धा-अर्धा पैसा वर ढकलला गेला, आपल्याकडे तळाशी एकदाच. माझी एकूण रक्कम ५३३.९८, आपली ५३३.९६. आणि राउंड ऑफ केल्यावर? दोघांचेही ५३४! द्यायचे तेवढेच, घ्यायचे तेवढेच. मधल्या रकान्यातल्या एका पैशासाठी बिल परत.

बरं, म्हटलं साहेबांचंच खरं. आपल्या पद्धतीने नवं बिल केलं. ओळींवर पैसे तोडले नाहीत, रकान्याला फक्त दोन दशांश दाखवायला सांगितलं. छापून आलं ९.०५, ९.१४, २२.५५ आणि खाली ४०.७३. तेही परत आलं. या वेळी शेरा होता, 'बेरीज चुकली आहे'. साहेब, चुकलेलीच आहे! कॅल्क्युलेटरवर ती ४०.७४ येते, म्हणजे पहिल्या बिलातली, जी आपल्याला नको होती. मधे फोनवर आपल्या सहकाऱ्यांनी सुचवलं की सरळ १८ टक्के काढून निम्मे करा. पहिल्याच ओळीवर १८.०९ झाले. आता त्यातला नववा पैसा मुंबईने घ्यायचा की दिल्लीने, तेही त्यांनीच सांगावं.

कायद्याचा धाक घालू नका. नियम ४६ बिलावर करयोग्य मूल्य, दर आणि कराची रक्कम मागतो. पैसा ओळीवर तोडायचा की तळाशी, याबद्दल तो गप्प आहे. कलम १७० तर कराची रक्कम जवळच्या रुपयापर्यंत नेण्याची भाषा करतं. ई-इन्व्हॉइसचं सरकारी पोर्टलसुद्धा रुपयाभराचा फरक पोटात घालतं. सरकार सोडून देतं ते आपण धरता!

आणि हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बिल बदललं की तारीख बदलते, आणि आपले ४५ दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. रद्द बिलांची संख्या मला विवरणपत्रात दाखवावी लागते. कर मात्र मी आपले पैसे यायच्या आधीच भरतो, खिशातून. दोन पैशांसाठी माझे ५३४ रुपये अडवताना आपल्याला जरासुद्धा काही वाटत नाही?

वाटत असावं. शेवटच्या फोनवर आपण आवाज खाली आणून म्हणालात, "अहो, रकाना लाल झाला की मला पुढे पाठवताच येत नाही. ऑडिटवाले मलाच विचारतात." म्हणजे शेरा आपला, पण हुकूम त्या रकान्याचा. कुणीतरी कधीतरी शीट बनवून निघून गेलं, आणि आपण तिथे बसून शिव्या खाता. तर रागावर थोडं पाणी टाकून सांगतो. आपल्या शीटमध्ये बहुधा असं काही आहे:

```
=IF(F5=G5,"OK","MISMATCH")
```

त्या जागी हे घाला:

```
=IF(ABS(F5-G5)<=1,"OK","MISMATCH")
```

रुपयाच्या आतला फरक सुटेल, दहा रुपयांची खरी चूक तरीही लाल होईल. आणि पुरवठादारांना एकदाच लेखी कळवा, की प्रत्येक ओळीवर दोन दशांशांपर्यंत राउंड ऑफ करा आणि छापलेल्या आकड्यांचीच बेरीज घ्या. मग कॅल्क्युलेटर घेऊन बसणाऱ्यालाही बिल जुळेल. परवानगी वरून घ्यावी लागत असेल तर हे पत्र खुशाल वर पाठवा.

तिसरं बिल सोबत जोडलं आहे. ते पहिल्याचीच नक्कल आहे. तारीख तेवढी आजची.

आपला,
एक हार्डवेअरवाला