मीडियमबाईंचा पत्ता हवा आहे

मीडियमबाईंना कुणी पाहिलेलं नाही. मतदारयादीत त्यांचं नाव नाही, रेशनकार्डावर तर नाहीच नाही. तरीही देशातले बहुतेक तयार कुर्ते त्यांच्याच अंगावर बेतले जातात. बाईंची मापं आदर्श आहेत. छाती, कंबर आणि सीट जिथे असायला हवी तिथेच आहे. बाळंतपण नाही, थायरॉइड नाही, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली नाही आणि हात बरोब्बर बाहीएवढेच आहेत. आपण उरलेले नागरिक या बाईंच्या मानाने चुकीचे जन्माला आलो आहोत. दुकानात हे आपल्याला अत्यंत सौम्य शब्दांत सांगितलं जातं. ‘मॅडम, तुमची साईज स्पेशल आहे.’

स्पेशल म्हणजे किती स्पेशल? पाश्चात्त्य बाजारात पाच फूट चार इंचांपेक्षा बुटक्या बाईसाठी ‘पेटीट’ नावाचा वेगळा विभाग असतो. भारतीय स्त्रीची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. म्हणजे त्या हिशेबाने आपल्याकडच्या बहुसंख्य बायका पेटीट. असं असूनही आपल्याकडच्या ऑनलाईन दुकानांत तो विभाग सहसा शोधूनही सापडत नाही. सापडते ती पाच फूट आठ इंचांची मॉडेल, आणि तिच्या पायाशी बारीक अक्षरात ‘मॉडेलने स्मॉल साईज घातली आहे’. लोकशाहीत बहुमताला किंमत असते म्हणतात. ट्रायल रूममध्ये बहुमताचं डिपॉझिट जप्त होतं.

असं का होतं, हे समजण्यासाठी कारखान्यात डोकवायला हवं. तिथे प्रत्येक साईज वेगळी विचार करून कापत नाहीत. आधी मधल्या साईजचा एक नमुना पक्का करतात आणि मग त्याला पायऱ्यापायऱ्यांनी फुगवतात किंवा आवळतात. याला ग्रेडिंग म्हणतात. छाती दर साईजला दोन इंच वाढते आणि शोल्डर साधारण अर्धा इंच. स्मॉलची छाती ३६ आणि शोल्डर १४ धरलं, तर थ्री एक्सएलपर्यंत छाती ४६ होते आणि शोल्डर साडेसोळा. कागदावर हिशेब चोख आहे. अडचण एवढीच की वजन वाढलं म्हणून माणसाच्या खांद्याची हाडं रुंद होत नाहीत. माणूस पोटावर, छातीवर, दंडावर आणि सीटवर वाढतो. कुर्ता मात्र पासपोर्ट फोटो झेरॉक्सवर मोठा करावा तसा सगळ्या बाजूंनी वाढतो. म्हणून जाड बाईला छातीत बसेल तो कुर्ता घ्यावा, तर शोल्डर खांद्यावरून घसरून दंडावर येतं, गळा भलताच पसरतो आणि मुंढा इतका खोल जातो की वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला की अख्खा कुर्ता सोबत वर येतो. दंडघेर मात्र तेवढ्यात नेमका कमी पडतो. मुंढ्यात दोन जणी मावतील आणि बाहीत एक दंड मावणार नाही, हा चमत्कार फक्त थ्री एक्सएलमध्येच बघायला मिळतो.

मोजमापांच्या या सगळ्या शास्त्राला इतिहासही आहे. अमेरिकेच्या शेती खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली. त्यातल्या गोऱ्या बायकांचेच आकडे धरले. त्यातून १९५८ मध्ये प्रमाण साईज जाहीर झाल्या आणि लोकांची अंगं त्यात काही केल्या बसेनात, म्हणून १९८३ मध्ये ते प्रमाण मागे घेतलं. आपण त्या भानगडीत पडलोच नाही. परदेशी तक्ते उतरवून घेतले आणि संसार सुरू केला. पुढे वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट यांनी सहा शहरांत २५ हजार माणसांना थ्रीडी स्कॅनरपुढे उभं करून देशाचं माप काढायचा प्रकल्प हाती घेतला. निदान मीडियमबाई खऱ्या की खोट्या, हे तरी कळेल.

तोवर आपल्या हातात आहे तो साईज चार्ट. या चार्टातली सगळ्यात मोठी गंमत अशी की त्यातला ४४ हा आकडा कुणाचा, ते लिहिलेलं नसतं. तो तुमच्या अंगाचा की कुर्त्याचा? सुती कुर्त्याला श्वास घ्यायला अंगापेक्षा दोन ते चार इंच जास्त लागतात. आता आमच्या वहिनींचं उदाहरण घ्या. उंची चार फूट अकरा, छाती ४४, शोल्डर साडेचौदा. एका दुकानाच्या चार्टात डबल एक्सएलसमोर ४४ आहे आणि तो अंगाचा आकडा आहे. तिथे कुर्ता ४७चा निघतो आणि वहिनी खूश. दुसऱ्या दुकानात डबल एक्सएलसमोर तोच ४४ आहे, पण तो कुर्त्याचा. तो घातला तर वहिनींनी दिवसभर श्वास रोखून धरावा, नाहीतर शिलाईने प्राण सोडावा. तिथे ४७ हवे असतील तर त्यांना फोर एक्सएल घ्यावा लागतो. म्हणजे तीच बाई, तोच दिवस, दोन एक्सचा फरक आणि वजनात एका ग्रॅमचाही बदल नाही. आपण ‘वाढलो’ म्हणून ज्यांनी त्या दिवशी रात्रीचं जेवण सोडलं असेल, त्यांनी ते जरूर गरम करून घ्यावं.

यावरचा उपाय आरशात नाही, कपाटात आहे. अंगावर नीट बसणारा एक कुर्ता बाहेर काढायचा, सुरकुत्या घालवून जमिनीवर सपाट पसरायचा आणि एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत टेप लावायची. साडेतेवीस आले तर दुप्पट ४७. मग शोल्डर शिलाईपासून शिलाईपर्यंत, बाहीचा दंडघेर, आणि गळ्याजवळच्या खांद्यापासून खालपर्यंत उंची. हे आकडे फोनमध्ये ठेवायचे. चार्टात ‘गारमेंट’ म्हणून दिलेली मापं असतील तर याच आकड्यांशी ताडायची. नसतील तर विक्रेत्याला विचारायचं. उत्तर ‘मॅडम, साईज परफेक्ट आहे’ असं आलं, तर पुढे जायचं.

उंचीचा हिशेब वेगळा करायचा, कारण तिथे फोटो साळसूदपणे फसवतो. ४६ इंची कुर्ता पाच फूट आठच्या मॉडेलवर पोटरीच्या मधोमध थांबतो. वहिनींच्या खांद्यापासून जमीनच ५० इंचांवर आहे, त्यामुळे तोच कुर्ता घोट्याला लागतो. लांबी कापता येते, हे खरं. पण फक्त लांबी जास्त असती तर रडणं कशाला होतं! बाजूची चीर मॉडेलच्या सीटच्या वरच सुटते. वहिनींच्या अंगावर ती सीट ओलांडून खाली सुरू होते, आणि बसलं की कुर्ता मांडीला आवळतो. कमरेला दिलेला आकार सीटवर उतरतो. खालच्या काठावर भरतकाम असेल तर कापायचं तरी काय, अर्धा मोर? म्हणून बुटक्या आणि जाड बाईने कमरेला आकार नसलेला, काठ कोरा असलेला, सरळ कुर्ता निवडावा आणि शिंप्याकडून चीर वर उसवून घ्यावी. बाह्या सुट्या दिलेल्या असतील तर सोन्याहून पिवळं, कारण बाही लावण्याआधी शोल्डर कमी करून मिळतं. एकदा बाही जोडली की शोल्डर आवळणं म्हणजे बाही उसवून, मुंढा पुन्हा कापून, पुन्हा जोडणं. शिंपी तेवढ्यात नवा ब्लाउज शिवतो. सुती कुर्ता कापण्याआधी एकदा पाण्यातून काढायला विसरू नये. नाहीतर शिंप्याने एक इंच कमी केला आणि उरलेलं काम पाण्याने केलं, असं होतं.

उंच मंडळींना मात्र कात्रीचाही आधार नाही. सव्वासहा फुटी सडपातळ माणूस बाही पुरावी म्हणून ४४ नंबरचा शर्ट घेतो. बाही जेमतेम अर्धा-पाऊण इंच वाढते, पोटावर मात्र तंबू उभा राहतो. मनगटापाशी आत माया इतकी थोडी असते की सोडून काही मिळत नाही. म्हणून उंच पुरुष बारा महिने बाह्या दुमडून वावरतात आणि लोक त्यांना कामसू समजतात. त्यांनी चार्टात बाहीची लांबी छापली नसेल तर तो शर्ट घेऊच नये.

उरला फोटो आणि अभिप्राय. फोटोत पाठीमागची बाजू दाखवलेली नसेल तर तिथे चिमटे लावलेले असू शकतात, एवढं लक्षात ठेवावं. बगलेतून छातीकडे तिरक्या सुरकुत्या दिसत असतील तर तिथे कापड कमी आहे. मॉडेल नुसती उभी असताना बाजूची चीर फाकलेली दिसत असेल तर सीटला घट्ट आहे. तिला होत असेल तर आपल्याला होणारच. अभिप्रायांत ‘रंग सुंदर, डिलिव्हरी वेळेत’ म्हणणारे पाच तारे सोडून द्यावेत. ‘एक साईज मोठी घ्या’ हाही सल्ला बिनकामाचा, कारण देणारी बाई केवढी आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. उंची, छाती आणि घेतलेली साईज लिहून कपाटाच्या आरशासमोर ओबडधोबड फोटो काढणारी जी एखादी पुण्यवान बाई असते, तिच्या तीन ताऱ्यांवर विश्वास ठेवावा. आणि आपण खरेदी केली की तसाच अभिप्राय आपणही लिहावा.

विक्रेत्यांकडे मागणी फार मोठी नाही. पंधरा पोझमधले फोटो नकोत. प्रत्येक साईजचा एक कपडा जमिनीवर पसरा, टेप लावा आणि पाच आकडे छापा: छाती, शोल्डर, दंडघेर, चीर कुठून सुटते आणि आत माया किती. हे आकडे द्यायला पैसे पडत नाहीत. परत येणाऱ्या पार्सलांना पडतात.