वडील आजारी, पण शुद्धीवर

मुखत्यारपत्र हाताशी ठेवून बँकेला अर्ज लिहायला बसलेल्या मुलाला पहिला मोह होतो तो आजार रंगवण्याचा. साहेबांना गहिवरून यावं आणि त्यांनी त्याच गहिवरात शिक्का उचलावा, अशी योजना. पुण्यातल्या एका पन्नाशीच्या गृहस्थांनी असाच अर्ज खरडला : ‘माझे तीर्थरूप अत्यवस्थ असून त्यांना कशाचीही शुद्ध नाही. ते मला ओळखतही नाहीत. तरी सोबतच्या कुलमुखत्यारपत्राच्या आधारे त्यांचे बचत खाते मला चालवू द्यावे, ही नम्र विनंती.’

वास्तविक तीर्थरूपांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि कंपवातामुळे सही जुळत नव्हती, एवढंच. डोकं इतकं शाबूत, की ठेवीवरचं व्याज कुठल्या तिमाहीत किती जमा झालं, हे ते पासबुक न उघडता सांगत.

अर्ज वाचून बँकेतल्या बाईंनी चष्मा काढला. “मग तुमचं मुखत्यारपत्र संपलंच की हो!”

“संपलं? गेल्याच महिन्यात नोटरी केलंय. आजारी आहेत म्हणून तर केलं!”

बाईंचं बरोबर होतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २०१ म्हणतं, की नेमणारा मरण पावला किंवा त्याचं मानसिक भान गेलं, की मुखत्यारी संपते. मुखत्यार हा मालकाच्या वतीने वागतो. मालकच स्वतः जो व्यवहार करू शकत नाही, तो त्याच्या वतीने करायचा कसा? इंग्लंडमध्ये भान गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे ती सोय नाही. माणूस कोमात गेला, तर घरच्यांना पालक म्हणून नेमणूक मिळवायला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूचनाही दिल्या. थोडक्यात, चिरंजीवांनी करुणरसाच्या भरात वडिलांचं मुखत्यारपत्र स्वतःच्याच हस्ताक्षरात बाद केलं होतं.

“बाई, थोडी अतिशयोक्ती झाली,” गृहस्थ पुटपुटले.

दुसऱ्या अर्जातून करुणरस हद्दपार झाला. खाते क्रमांक, मुखत्यारपत्राची तारीख, नोटरीचा तपशील आणि वडिलांना हालचाल व सही करता येत नाही, मात्र व्यवहार पूर्ण समजतो, असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. सोबत अर्जदाराची ओळखपत्रं, फोटो, नमुना सही. बाईंनी एक वाक्य मागून घेतलं : मुखत्यारपत्र आजतागायत रद्द केलेलं नाही, आणि रद्द झाल्यास किंवा वडिलांचं निधन झाल्यास बँकेला ताबडतोब कळवीन. हे वाक्य लिहिताना मुलाचा हात अडखळतो, पण ते मागण्याला कारण आहे. वडील गेल्यावर ‘खर्चाला लागतील’ म्हणून त्याच मुखत्यारीवर पैसे काढणारे मुलगे बँकांनी बरेच पाहिलेत. तो अधिकार मात्र वडिलांबरोबरच गेलेला असतो.

मग बाईंनी मुखत्यारपत्र ओळीओळीने वाचलं. घर भाड्याने देणं, वीजबिलाच्या तक्रारी, सोसायटीच्या सभेतलं मतदान, सगळं होतं. खात्यातून पैसे काढणं आणि चेकवर सही करणं हेही, सुदैवाने, होतं. मुदत ठेव मोडण्याचा उल्लेख मात्र नव्हता. असा दस्तऐवज काटेकोर वाचतात. लिहिलं नाही ते दिलं नाही. ठेव सुरक्षित राहिली, यात तीर्थरूपांचा हात असावा असा आमचा संशय आहे.

“हे मंजूर होईपर्यंत औषधांचं काय?” या प्रश्नावर बाईंनी जे सांगितलं, ते ऐकून गृहस्थ चकित झाले. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी खातेदाराचा हाताच्या किंवा अगदी पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पैसे प्रत्यक्ष कोण नेणार, तेही खातेदारानेच सांगायचं. म्हणजे एखाद-दुसऱ्या वेळेला मुखत्यारपत्राचीही गरज नाही. बँकेचा माणूस घरी आला की झालं.

तो आलाही. खात्री करण्यासाठी त्याने पलंगाशी वाकून विचारलं, “काका, मुलाला खातं चालवायला द्यायचंय ना?”

काकांनी आधी त्याचं ओळखपत्र मागितलं. मग ज्येष्ठांना ठेवीवर अर्धा टक्का जास्त मिळतो की नाही, हे विचारलं. आणि अर्ज वाचून घेतल्यावर खाली एक ओळ वाढवायला सांगितली : महिन्याला पंचवीस हजारांच्या वर काढायचे नाहीत, आणि चेकबुक माझ्या उशाखाली राहील.

“उशाचं अर्जात घालता येत नाही, काका,” अधिकारी म्हणाला. पंचवीस हजारांची ओळ त्याने लिहून घेतली, खाली थरथरता अंगठा उमटवून घेतला आणि शेऱ्यात लिहिलं : खातेदारास व्यवहाराचे पूर्ण आकलन आहे.