नवशिक्यांसाठी चिमणी : बारामती-इंदापूर आवृत्ती

चिमणी घ्यायचं ठरलं की सर्वप्रथम घरातली विरोध करणारी वडीलधारी व्यक्ती शोधून ठेवा. शोधावी लागत नाही, ती आपणहून पुढे येते. आमच्याकडे सासूबाई होत्या. "आमच्या वेळी चिमणी म्हणजे रॉकेलची. ती धूर करायची. तुमची म्हणे धूर खाते. बघू."

यानंतर दुकानात जा, पण जाण्याआधी एक व्रत घ्या : स्वतःच्या स्वयंपाकाबद्दल खोटं बोलायचं नाही. दुकानदार विचारतो, "तेलकट जास्त असतं का?" आणि नवरे मंडळी छाती काढून सांगतात, "छे, आम्ही साधंच खातो." ह्यांनीही तेच सांगितलं. घरी रविवारी काळ्या मसाल्याचं मटण, वर बोटभर तर्री. भिगवणहून उजनीची चिलापी आली की तव्यावर चार-चार तुकडे, दीड तास. पाऊस पडला की भजी, आणि पाऊस नाही पडला तर पडावा म्हणून भजी. याला साधं म्हणायचं असेल तर पुढचं वाचू नका, साधा एक्झॉस्ट फॅन लावा.

आता आकडा. प्रत्येक खोक्यावर तो ठळक छापलेला असतो : १०००, १२००, १५००. म्हणजे तासाला इतके घनमीटर हवा ओढणार. नवशिक्यानं हा आकडा पाहून भारावून जावं, तशी पद्धत आहे. नंतर शुद्धीवर येऊन आपल्या स्वयंपाकघराचं गणित करावं. आमचं स्वयंपाकघर दहा बाय आठ, उंची दहा फूट. म्हणजे ८०० घनफूट, साधारण साडेबावीस घनमीटर. इतकी हवा तासातून वीस वेळा बदलली तरी ४५० घनमीटर झाले. मग १२०० कशाला? कारण खोक्यावरचा आकडा सगळ्यात मोठ्या स्पीडचा आणि नळीचा अडथळा नसतानाचा असतो. घरात नळी आली, वळणं आली, जाळीवर तेल बसलं की तो खाली येतो. शिवाय मोठ्या स्पीडच्या आवाजात कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, म्हणून आपण निम्मा वेळ मधल्या स्पीडवर चालवतो. तेव्हा आपल्या खाण्याला १२००च्या आसपासची घ्यावी. १५००साठी भांडण करू नये. भांडण करायचंच असेल तर ते गवंड्याशी करावं, आणि ते का, हे आमच्या वन्संच्या घरी कळलं.

वन्सं इंदापूरला असतात. त्यांनी १२००ची चिमणी घेतली, बटण दाबलं की विमान उडाल्यासारखा आवाज, आणि धूर मात्र निवांत हॉलमध्ये. दुकानात म्हणे वर्तमानपत्राचा कागद खालून धरला तर फट्‌दिशी चिकटला होता. चिकटणारच, दुकानात तिला नळीच जोडलेली नव्हती. मी गेले तेव्हा स्टुलावर चढून पाहिलं. चिमणीचं तोंड सहा इंची. त्यावर एक नरसाळं बसवून पुढे चार इंची पाइप, तोही भिंतीत शिरण्याआधी तीनदा वळलेला. भिंतीतलं भोक चार इंची, कारण टाइल्स बसवताना बाथरूमचा चार इंची पाइप उरला होता आणि गवंडी म्हणाला, "ताई, वाया कशाला घालवायचा?"

आता चार आणि सहा यांत फरक दोनच इंचांचा वाटतो. पण हवा जाते ती नळीच्या तोंडाच्या क्षेत्रफळातून, आणि चार इंची गोलाचं क्षेत्रफळ सहा इंचीच्या निम्म्याहूनही कमी भरतं. सहा इंचीतून १२०० घनमीटर जायचे तर हवेला ताशी ६६ किलोमीटरनं पळावं लागतं. सोलापूर हायवेवरची एसटी समजा. चार इंचीतून तेवढेच जायचे तर वेग होतो ताशी १४८. घरगुती चिमणीची मोटार एवढा जोर लावू शकत नाही, त्यामुळे होतं काय, की हवा कमी जाते आणि जी जाते ती किंचाळत जाते. आवाज मोठा आणि धूर तसाच, असं असेल तर मोटारीला बोल लावू नका, आधी नळी बघा. नळी चिमणीच्या तोंडाएवढीच हवी, शक्य तितकी आखूड आणि सरळ, वळणं फार तर दोन. ॲल्युमिनियमची चुणीदार नळी असेल तर पूर्ण ताणून बसवायची आणि उरलेली कापायची. फिटिंगवाले ती अकॉर्डियनसारखी आत कोंबतात, मग प्रत्येक चुणीत तेल साचतं.

स्वतःची चिमणी तपासायची तर कागदाऐवजी उदबत्ती घ्या. पुढच्या बर्नरच्या कडेला धरा, कारण धूर निसटतो तो तिथूनच. धुराची रेघ वाकून वर गेली तर ठीक. सरळ तुमच्या नाकात आली तर चिमणी फार उंचावर आहे, किंवा शेगडीपेक्षा अरुंद आहे, किंवा पंखा चालू आहे. शेगडीपासून अडीच फूट ही बरी उंची. दिसायला छान म्हणून तीन फुटांवर नेली की धूर पसरायला मोकळा. आणि फोडणीच्या भडक्याला तेलकट जाळी भेटायला नको, म्हणून फार खालीही नको. तीन-चार बर्नर असतील तर ६० नव्हे, ९० सेंटिमीटरची. आणखी एक विसरतात : बाहेर जेवढी हवा टाकायची तेवढी आत यायला हवी. दारंखिडक्या लावून चिमणी चालवणं म्हणजे तळाला भोक न पाडता उपडा डबा पाण्यात बुडवणं. लांबचं एक दार बोटभर उघडं ठेवा, शेगडीशेजारची खिडकी मात्र नको.

आता फिल्टर. इथे दुकानदार तीन नावं घेतो आणि नवशिक्या मान डोलावतो. जाळीचा फिल्टर म्हणजे पातळ जाळ्यांचे थर. पोहे-उपम्याला चालतो, तर्रीपुढे दहा दिवसांत बुजतो आणि मग १२००ची चिमणी शोभेची होते. दुसरा बॅफल. यात स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्या असतात आणि धुराला त्यांमधून नागमोडी जावं लागतं. बारामतीहून सासवडमार्गे पुण्याला एसटीनं उभ्यानं गेला असाल तर बॅफल तुम्हाला सांगायला नको. दिवे घाटात गाडी वळते, आपण वळत नाही, आपण खिडकीवर आपटतो. तसंच हवा वळते, तेलाचे जड थेंब वळत नाहीत, ते पट्टीवर आपटून खाली पन्हाळीत उतरतात. वाट उघडीच राहते म्हणून हा लवकर बुजत नाही. तीन आठवड्यांनी काढून कडक पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून तासभर भिजवला की काम झालं.

तिसरी फिल्टरलेस. तिच्यात मोटारीचं चाकच तेल झटकून देतं आणि ते एका वाटीत जमतं. सोबत ऑटो क्लीन येतं : बटण दाबलं की आतली कॉइल दहा-पंधरा मिनिटं तापते, तेल पातळ होऊन वाटीत उतरतं. हे खरंच चालतं, पण एका अटीवर, आणि ती अट तेलाच्या स्वभावात आहे. तेलाचा पातळ थर उष्णता आणि हवा खात राहिला की सुकून रोगणासारखा होतो. एकदा रोगण झालं की कॉइल कितीही तापवा, ते वितळत नाही, खरवडावंच लागतं. त्यातही करडईचं तेल लवकर सुकतं, म्हणून तर ते रंगांच्या कारखान्यांतही वापरतात. शेंगतेल त्या मानानं उशिरा चिकटतं. ज्यांच्याकडे करडई आणि रोजची तळणी, त्यांनी ते बटण आठवड्याला दाबावं. 'ऑटो' म्हणजे आपोआप, असा अर्थ लावून दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबलेली एक गृहिणी मला माहीत आहे. ती हा लेख लिहिते आहे. आणि हे बटण नळी साफ करत नाही, बाहेरची काच तर मुळीच नाही.

माझं मत विचाराल तर आपल्या जेवणाला बॅफल. अंगमेहनत आहे, पण काय घाण आहे ती डोळ्यांना दिसते. नळीविना चालणारी, कोळशाच्या फिल्टरवाली मात्र दुकानदारानं फुकट दिली तरी घेऊ नका. ती वास थोडा गाळते आणि गरम वाफ पुन्हा घरातच सोडते. कोळसा धुताही येत नाही, काही महिन्यांनी बदलावा लागतो.

ब्रँडबद्दल सांगायचं तर इटलीत फाब्रियानो नावाचं, पूर्वापार कागदासाठी नावाजलेलं एक गाव आहे. फेबर आणि एलिका, दोन्ही मूळच्या त्या एका गावच्या. आपल्या तालुक्यात मात्र फाब्रियानोपेक्षा पिन कोड महत्त्वाचा. पैसे देण्याआधी दुकानात उभं राहूनच कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन लावा आणि विचारा : ४१३१०२ला माणूस कुठून येतो? इंदापूरकरांनी ४१३१०६ सांगावं. "पुण्याहून" असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न : येण्याजाण्याचे वेगळे पैसे किती, आणि पार्ट सोबत आणतो का? आमच्या पहिल्या चिमणीचा माणूस (कंपनीचं नाव घेत नाही) अकराव्या दिवशी आला, झाकण उघडून "सर्किट गेलंय" म्हणाला आणि पार्ट आणायला परत गेला. मोटारीवर लाइफटाइम वॉरंटी होती, मोटार ठणठणीत होती. गेलं होतं टच पॅनलचं सर्किट, आणि त्याची वॉरंटी एका वर्षाची. व्होल्टेज वरखाली होतं तिथे आधी हेच जातं. म्हणून मळ्यात राहणाऱ्यांनी हात हलवून चालू होणारी चिमणी पाहुण्यांकडे बघावी, स्वतःसाठी दाबायची बटणं घ्यावीत. ती गावातला इलेक्ट्रिशियनही बदलू शकतो. वॉरंटीत काय काय येतं ते बिलावर लिहून घ्या, आणि नळी, क्लॅम्प, फिटिंग हे किमतीत धरलंय का तेही.

एवढं करूनही वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या घरात भाजू नका. त्या ठसक्याला पुरेल अशी घरगुती चिमणी नाही. अंगणात तीन दगड मांडा.

वन्संनी शेवटी भिंतीत मशीननं सहा इंची नवं भोक पाडून घेतलं, नळी सरळ केली, आणि तीच चिमणी मधल्या स्पीडवर चिलापीचा धूर ओढू लागली. सासूबाई मुद्दाम बघायला गेल्या. जुनं चार इंची भोक बुजवायला गवंडी यायचा होता, पण त्याच्या आधीच तिथं काड्या आणि कापूस दिसू लागला. सासूबाईंनी गवंड्याला दारातूनच परत पाठवलं. "ही आमच्या वेळची चिमणी," त्या म्हणाल्या, "हिला सर्व्हिस लागत नाही."